घरच्या खोलीत स्वच्छ व्हॉइसओव्हर: गेनचं बटण सोडा, अंतर मोजा

*दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये ऑडिओबुकसाठी वाचन रेकॉर्ड करतो. अठराशे रुपयांचा यूएसबी कंडेन्सर माइक आहे, तो टेबलावर लॅपटॉपशेजारी असतो. आवाज बाथरूममधून आल्यासारखा लांबचा वाटतो आणि मागे सतत 'सूं' चालू असतं. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन केलं की पाण्याखालून बोलल्यासारखं होतं. गेन वाढवून बघितला, कमी करून बघितला, काही फरक पडत नाही. हातात दोन-अडीच हजार आहेत. नवा माइक घेऊ की भिंतींना फोम लावू?*

दोन्ही नको, निदान आज तरी नको. गेन वाढवला-कमी केला तरी फरक पडत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि निदान त्यातच आहे. गेनमुळे तुमचा आवाज वाढतो तसा खोलीचा 'सूं'ही तितकाच वाढतो. कमी केला की दोन्ही सारखेच खाली येतात. त्या दोघांमधलं अंतर आहे तेवढंच राहतं. ऐकणाऱ्याच्या कानाला स्वच्छ वाटतं ते हे अंतर. पुढे मी त्याला नुसतं 'फरक' म्हणेन. बोलतानाची सरासरी पातळी आणि गप्प बसलेलं असतानाची सरासरी पातळी, या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे फरक.

आधी तो मोजून बघा. तुमच्याकडची एखादी न सुधारलेली, जशीच्या तशी फाइल ऑडॅसिटीत उघडा. Analyze मेन्यूमध्ये Contrast नावाची खिडकी आहे. सलग बोललेला दहा-बारा सेकंदांचा तुकडा निवडून त्यातल्या Foreground समोरचं Measure selection दाबा. मग दोन वाक्यांमधली शांतता निवडा आणि Background समोरचं दाबा. ही शांतता निवडताना श्वास त्यात येऊ देऊ नका. वजाबाकी तीच खिडकी करून देते. ऑडिओबुक घेणाऱ्यांपैकी एसीएक्सची अट जाहीर आहे: सरासरी पातळी -२३ ते -१८ डेसिबलच्या मध्ये, सर्वांत उंच टोक -३ च्या वर नाही, आणि शांतता -६० किंवा त्याहून खाली. तुमचं काम दुसरीकडे जाणार असलं तरी मोजपट्टी म्हणून ही चांगली आहे. सरासरी -२० वर आणायची आणि शांतता -६० च्या खाली ठेवायची, म्हणजे फरक चाळीसच्या वर हवा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमचा वीस-पंचवीसच्या आसपास निघेल.

गेल्या वर्षी माझ्या एका मित्राकडे हेच झालं होतं. खोली जवळपास तुमच्याच मापाची, डोंबिवलीत, दुसरा मजला, खाली रस्ता. त्याच्याकडे आम्ही काय काय हलवलं आणि प्रत्येक वेळी आकडा किती बदलला, ते सांगतो. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण क्रम हाच ठेवा.

सुरुवातीला त्याची बोलण्याची सरासरी -२६ होती आणि शांतता -४६. फरक वीस. माइक टेबलावर, तो खुर्चीत टेकून, तोंडापासून माइक साधारण दोन फूट म्हणजे साठ सेंटिमीटर. आता यात भौतिकशास्त्र एवढंच आहे की तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. साठचे तीस केले की सहा, तिसाचे पंधरा केले की आणखी सहा. खोलीतला पंखा, रस्ता, भिंतींवरून परतणारा तुमचाच आवाज हे सगळं माइकला चहूबाजूंनी येत असतं. माइक दीड फूट इकडे सरकला म्हणून त्यात फारसा बदल होत नाही. म्हणजे माइक पंधरा सेंटिमीटरवर आणला की आवाज बारा डेसिबलने वर जातो आणि खोली जागच्या जागी राहते. मग आवाज फुटू नये म्हणून तुम्ही गेन बाराने खाली घेता आणि त्याबरोबर खोलीही बाराने खाली जाते. एक रुपया खर्च न करता फरक विसाचा बत्तीस झाला. शिवाय 'बाथरूम'ही बरंच गेलं, कारण तो घुमारा म्हणजे तुमचाच भिंतीवरून परतलेला आवाज, आणि तोही बाराने मागे पडला.

पंधरा सेंटिमीटर म्हणजे वितीपेक्षा थोडं कमी. अंगठा हनुवटीला लावून पंजा ताणलात तर करंगळीच्या जरा अलीकडे माइकची जाळी यायला हवी. रोज टेप घेऊन बसू नका, वीत पुरते.

आता इथे दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे टेबलावरच्या छोट्या तिवईवर माइक एवढा जवळ येत नाही. माणूस वाकून बोलतो आणि दहाव्या मिनिटाला पाठ दुखून पुन्हा मागे टेकतो. तुमच्या अडीच हजारांतला पहिला खर्च इथे करा. टेबलाच्या कडेला चिमट्याने बसणारा, कोपरातून दुमडणारा हात मिळतो, त्यावर माइक लावा. टेबलावरून माइक उचलल्याचा आणखी एक फायदा आहे. माइक टेबलावर असताना तुमचा आवाज सरळ पोचतो आणि टेबलाच्या सनमायक्यावर आपटून किंचित उशिरा पुन्हा पोचतो. हे दोन एकमेकांत मिसळून काही सूर खाल्ले जातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हात घेतल्यावरही माइकखाली टेबलावर जाड टॉवेलची घडी ठेवाच.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. इंग्रजी व्हिडिओंमध्ये प आणि ब फुटतात म्हणून सांगतात. आपल्याकडे फ, भ, ख, घ, ठ, थ, ध सगळेच हवा घेऊन बाहेर पडतात. पंधरा सेंटिमीटरवर नाकासमोर माइक असेल तर 'फक्त' या शब्दाला खिडकीचं दार आपटल्यासारखा दणका बसतो. मी चाचणीला एक वाक्य वापरतो: 'भाऊंनी फणसाच्या फोडी भराभर फस्त केल्या.' हे बोलताना तळहात तोंडासमोर धरा, हवेचे झोत कुठे लागतात ते कळेल. ते झोत अगदी सरळ रेषेत जातात, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. म्हणून माइक तोंडासमोरून काढून ओठाच्या कोपऱ्याच्या बाजूला, साधारण तीस-चाळीस अंशांवर ठेवा आणि त्याचं तोंड तुमच्या ओठांकडे वळवा. झोत माइकच्या शेजारून निघून जातो, आवाज मिळतो. जाळीदार पॉप फिल्टर दोनेकशे रुपयांत येतो, तोही लावा. नाहीतर भरतकामाची लाकडी रिंग आणि त्यावर ताणलेला नायलॉनचा पातळ मोजा, हेही तेच काम करतं. फिल्टर माइकला चिकटवू नका. मध्ये चार बोटांची जागा सोडा, नाहीतर हवा विरायला जागाच उरत नाही.

इथेच एक गंमत सांगतो. तुमचा माइक उभ्या नळकांड्यासारखा असेल, तर बहुतेक तो टोकातून ऐकत नाही, बाजूने ऐकतो. कंपनीचं चिन्ह किंवा बटण ज्या बाजूला असतं ती सहसा त्याची समोरची बाजू. मित्र महिनाभर आइसक्रीमच्या कोनसारखा त्याच्या टोकात बोलत होता. खात्री करायची असेल तर हेडफोन लावून बोलत बोलत माइक हळूहळू फिरवा. जिथे आवाज सर्वांत भरलेला आणि जवळचा येतो ती समोरची बाजू.

आणि फार जवळही जाऊ नका. या प्रकारच्या माइकला पाच सेंटिमीटरवर बोललात की खालचे सूर फुगतात, आवाज भारदस्त होतो, आणि तो मोह सुटत नाही. पण तासभराच्या वाचनात मान जरा हलली की एक वाक्य भारदस्त आणि पुढचं पातळ असं होतं, आणि ते नंतर सारखं करता येत नाही. पंधरावर हा हेलकावा कमी असतो. पोथी टेबलावर ठेवून वाचत असाल तर प्रत्येक पानाच्या शेवटी मान खाली जाते आणि आवाजही. मजकूर फोनवर किंवा टॅबवर घेऊन डोळ्यांच्या पातळीत, माइकच्या शेजारी उभा करा. पानांची सळसळही वाचते.

आता बत्तीसचे चाळीस करायचे. त्याच्या खोलीत उरलेल्या 'सूं'मध्ये सर्वांत मोठा वाटा लॅपटॉपच्या पंख्याचा होता. तुमचाही शेजारीच आहे. तुमच्या माइकची ऐकण्याची नक्षी कार्डिऑइड असेल (स्वस्त यूएसबी कंडेन्सर बहुतेक तसेच असतात) तर तो समोरचं चांगलं ऐकतो, बाजूचं कमी, आणि अगदी पाठीमागचं फारच कमी. लॅपटॉप तुम्ही माइकच्या शेजारी ठेवलाय. तो माइकच्या पाठीमागे, जितका लांब जाईल तितका ठेवा. आम्ही लांब यूएसबी वायर घेऊन तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर ठेवला. फरक सदतीसवर गेला. लॅपटॉपचा पंखा रेकॉर्डिंगआधी दहा मिनिटं ब्राउजर बंद ठेवला तरी शांत होतो. तेवढाही धीर नसला की मग नॉइज रिडक्शन लागतं.

छताचा पंखा बंद करणं ओघाने आलंच. एकवर ठेवला तर चालेल का, असं सगळे विचारतात. नाही चालत. गरगर कमी झाली तरी वाऱ्याची झुळूक माइकवर येते, आणि काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कमी वेगावर स्वतःच गुणगुणतात. फ्रिजचं कंप्रेसर सुरू-बंद होतं, म्हणून तो फसवतो. चाचणी घेताना बंद असतो आणि तिसऱ्या परिच्छेदात सुरू होतो. तो ऐकू येत असेल तर वीस मिनिटं बंद ठेवा, आणि बंद करताना घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर जाताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होईल.

'सूं'ऐवजी 'हूंऽ' असा खर्जातला एकसुरी आवाज असेल तर तो खोलीचा नसून विजेचा असू शकतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे तो पन्नास किंवा शंभरवर बसतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा. हूं गेला तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. मग रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवरच राहा, एवढं सोपं आहे.

त्यानंतर रस्ता. गाड्यांची घरघर, सोसायटीचा पंप, वरच्यांच्या पावलांची धपधप हे सगळं खालच्या सुरांत असतं, आणि ते गोधडीने थांबत नाही, खिडकी लावूनही पूर्ण थांबत नाही. पण माणसाच्या आवाजात ऐंशी हर्ट्झच्या खाली कामाचं जवळजवळ काही नसतं, म्हणून ते नंतर सरळ कापता येतं. ऑडॅसिटीत High-Pass Filter घ्या, Frequency ८०, Roll-off १२ डेसिबल. आवाजात काही हरवल्याचं कळत नाही. त्याच्या फाइलवर एवढ्याने शांतता आणखी चारने खाली गेली आणि फरक झाला एकेचाळीस. नंतर सरासरी -२० वर आणली तेव्हा शांतता बरोबर -६१ वर आली. नॉइज रिडक्शनला हातही लावला नव्हता.

ते पाण्याखालचं का होतं तेही सांगतो, म्हणजे पुढे कधी वापराल तर बेताने वापराल. नॉइज रिडक्शन तुमच्या निवडलेल्या शांततेतून 'सूं'चा नमुना घेतं आणि प्रत्येक सुराच्या पट्टीत पातळी त्या नमुन्याइतकी खाली आली की ती पट्टी दाबतं. फरक विसाचाच असेल तर तुमचे स, श आणि शब्दांचे शेवट त्याच पातळीला येतात, मग तेही दाबले जातात, सुटतात, परत दाबले जातात. ते बुडबुडे त्याचेच. फरक पस्तिसाच्या वर असेल आणि तुम्ही फक्त सहा डेसिबल काढायला सांगितलंत तर कळतही नाही. वीस काढायला सांगितलंत तर कुठल्याही फाइलचं पाणी होतं.

आता खोली. माइक जवळ आल्यावर तिचं महत्त्व कमी झालं, संपलं नाही. मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्रर्र' असं काही ऐकू आलं तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा टोलवतायत. प्लास्टरच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, खिडकीला काच, अशा आपल्या फ्लॅटमध्ये हे हमखास होतं.

भिंतीला चिकटवायचा तो एक इंची फोम यावर का घेऊ नका म्हणतो? पातळ आणि हलकी गोष्ट फक्त वरचे सूर पिते. स आणि श चे परतलेले तुकडे जातात आणि मधले-खालचे तसेच घुमत राहतात. टाळीचा टर्रर्र जातो म्हणून आपल्याला वाटतं काम झालं, पण बोललेलं ऐकलं की खोली आता मंद आणि डबक्यासारखी वाटते. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. पुठ्ठ्याचा पातळ तुकडा आहे तो, कितीही खोलगट असला तरी. जाडी आणि भिंतीपासूनचं अंतर या दोनच गोष्टी काम करतात. भिंतीला अगदी टेकून हवेची हालचाल जवळजवळ नसते, ती भिंतीपासून सुटल्यावर वाढत जाते, आणि गोधडी ज्या हवेला अडवते ती हलणारी हवा. म्हणून तीच गोधडी भिंतीला खिळ्याने ठोकली तर कमी पिते आणि भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर जास्त पिते. फुकटची सुधारणा आहे ही.

टांगायची कुठे हा खरा प्रश्न, आणि तिथे बहुतेकांचं चुकतं. लोक माइकच्या मागच्या, म्हणजे स्वतःच्या समोरच्या भिंतीला फोम लावतात, कारण आपण तिकडे बघून बोलतो. पण माइकचं तोंड तुमच्याकडे आहे. त्याला तुम्ही दिसता आणि तुमच्या पाठीमागची भिंत दिसते. तुमचा आवाज समोर आपटून, तुमच्या डोक्यावरून मागे जाऊन, मागच्या भिंतीवरून माइकच्या तोंडात येतो. तेव्हा पहिली गोधडी पाठीमागे, दुसरी बाजूंना, आणि उरलीच तर समोर.

मित्राकडे आम्ही हे कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर केलं. स्टँड त्याच्या खुर्चीच्या मागे, पंख उघडून, इंग्रजी यू सारखा दोन्ही खांद्यांना कवेत घेणारा. त्यावर दोन जाड रजया आणि एक आजीची जुन्या लुगड्यांची गोधडी, दुहेरी टाकून, डोक्याच्या वर फूटभर जाईल इतकी उंच. स्टँडची उंची कमी पडली म्हणून खाली दोन पाट ठेवले. पायाखाली सतरंजी. काम झालं की दोन मिनिटांत सगळं घडी करून पलंगाखाली. सोलापुरी चादरीही चालतात, पण त्या पातळ असतात, चार पदरी घेतल्या तर उपयोग. घरात कापसाची जुनी गादी असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. ती मागे उभी करा. बाजारातल्या कुठल्याही पातळ फोमला ती भारी पडते.

कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं उघडून त्याला पाठ करून बसलात तरी तेच. कपाटाच्या आत शिरून मात्र बोलू नका, आणि डोक्यावरून रजई घेऊनही नको. तिथे वरचे सूर सगळे जातात, लाकडाच्या खोक्याची घुम तेवढी राहते, आणि चैत्र-वैशाखात तुम्हीही फार वेळ टिकणार नाही.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो. पुरुषी आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या जवळ असतो आणि त्याची लाट जवळजवळ तीन मीटर लांब, म्हणजे तुमच्या खोलीएवढी. त्या लांबीच्या लाटेला चार इंची रजई लागतही नाही. त्यामुळे एखाद्या सुराला आवाज अचानक 'बूंऽ' करून फुगत असेल तर आणखी रजया टाकू नका, खुर्ची हलवा. खोलीचा अगदी मध्य आणि कोपरे टाळा. फूट-दीड फूट पुढेमागे सरकून तेच वाक्य चार जागी रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. चारांतली एक जागा नक्की बरी असते. तिथे जमिनीवर टेपची खूण करून टाका.

आता लेव्हल, म्हणजे तुम्ही इतके दिवस जे बटण फिरवत होतात ते. फरक सुधारल्यावर त्याचं काम एकच उरतं, आवाज फुटू न देणं. ऑडॅसिटीच्या मीटरवर नेहमीचं वाचन -१८ ते -१२ मध्ये उड्या मारत असावं आणि सर्वांत मोठा आवाज -६ च्या पुढे जाऊ नये. 'एवढा हळू?' असं वाटेल. वाटू द्या. १६ बिटच्या फाइलमध्येसुद्धा फाइलची स्वतःची खरखर -९० च्या खाली असते आणि तुमची खोली -६० च्या आसपास, म्हणजे मध्ये भरपूर जागा आहे. हळू रेकॉर्ड झालेलं नंतर हवं तेवढं वाढवता येतं, फुटलेलं दुरुस्त होत नाही. सेटिंग ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, मोनो. माइक २४ बिट देत असेल तर घ्या, नसेल तर त्यासाठी नवा घेऊ नका.

लेव्हल लावताना 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणू नका. ते आपण सगळे मवाळपणे म्हणतो. तुमच्या मजकुरातला सर्वांत चढा प्रसंग काढा, कुणीतरी कुणावर ओरडतंय असा, आणि तो खरोखरच्या जोरात वाचा. त्याला -६ ठेवलंत की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

गेन दोन ठिकाणी असतो हे लक्षात ठेवा. एक माइकवरची चकती, दुसरी विंडोजमधली सरकपट्टी. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये तुमच्या माइकच्या पानावर Audio enhancements बंद करा. त्यात आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय असेल तर ती वाक्यांच्या मध्ये 'सूं' वर ओढते आणि शब्द आला की खाली ढकलते. ऐकताना खोली श्वास घेतल्यासारखी वाटते. मीटिंगची काही ॲपही मागच्या मागे ही सरकपट्टी हलवतात, म्हणून मीटिंग झाल्यावर रेकॉर्डिंगला बसताना ती पुन्हा बघा.

फुटलंय हे कसं ओळखायचं? लहरीचा उंचवटा मोठा करून बघा. टोकं गोल असायला हवीत. सुरीने कापल्यासारखी सपाट दिसली तर फुटलंय. यात एक फसवी गोष्ट आहे. टोकं -८ वर आहेत, मीटर हिरवा आहे, तरी सपाट. म्हणजे आवाज माइकच्या आतच फुटला आणि मग विंडोजच्या पट्टीने तो फुटलेला आवाज खाली केला. अशा वेळी पट्टी वर आणि माइकची चकती खाली करायची. माझ्या एका जुन्या कामाचे तीन तास असे वाया गेलेत, मीटरकडे बघून निश्चिंत बसलो होतो म्हणून.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता बसा. ती खोलीची शांतता नंतर खोकला, गाडीचा हॉर्न, पाणी पिण्याचा आवाज काढल्यावर त्या जागी चिकटवायला लागते. तिथे कोरी शून्य शांतता टाकलीत तर ऐकणाऱ्याला फोन कट झाल्यासारखं वाटतं. चहा रेकॉर्डिंगनंतर. दुधाचा चहा तोंडात चिकटपणा ठेवतो आणि प्रत्येक शब्दाच्या आधी 'चट्' वाजतं. कोमट पाणी ठेवा.

नवा माइक कधी घ्यावा? फरक मोजून, सगळं वरचं करून, रात्री साडेअकराला रस्ता शांत असताना रेकॉर्ड केलं तरी शांतता हलत नसेल, तर माइकची स्वतःची खरखर ही मर्यादा आहे, आणि तेव्हा पैसे खर्च करण्यात अर्थ आहे. डायनॅमिक माइक घेतला की बाहेरचा आवाज येत नाही असं दुकानात सांगतात. त्यात तथ्य एवढंच की तो माणसाला तोंडाजवळ धरायला भाग पाडतो. तुमचा कंडेन्सरही पंधरा सेंटिमीटरवर तसाच वागेल. फक्त पावसाळ्यात त्याला कोरडं ठेवा. काम झालं की झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. दमट हवेत कंडेन्सर मधूनच 'चिर्र-फट' असा तडतडतो आणि लोक वायर बदलत बसतात.

त्या मित्राची पहिली फाइल एवढं सगळं करूनही परत आली. आकडे सगळे बसत होते. तपासणाऱ्याने लिहिलं होतं, प्रत्येक विरामात अगदी बारीक 'टक् टक्' आहे. आधी वीसच्या फरकात ते 'सूं'खाली बुडलेलं होतं, एकेचाळीसला वर आलं. त्याचं भिंतीवरचं घड्याळ तेव्हापासून स्वयंपाकघरात आहे.